एका वेळी एकच बदल

छपरावरचा वातकुक्कुट शाळेच्या पुस्तकातून आपल्या ओळखीचा असतो. वारा येतो त्या दिशेला तो तोंड करतो आणि खाली उभा असलेला माणूस दिशा सांगतो. स्वयंचलित हवामान केंद्रात खाली कोणी उभं नसतं. मग दिशा सांगायची कोणी? एक रीत अशी, की कोंबड्याच्या दांड्याला खाली एक चकती बसवायची. चकतीवर एकात एक असे गोल पट्टे असतात, आणि प्रत्येक पट्ट्याचा काही भाग पारदर्शक, काही काळा असतो. चकतीच्या एका अंगाला दिवे आणि दुसऱ्या अंगाला दर पट्ट्यामागे एक सेन्सर. उजेड पोचला तर १, अडला तर ०. तीन पट्टे असले की तीन अंक मिळतात आणि तीन अंकांचे आठ संकेत होतात. दिशाही आठच. प्रत्यक्षातल्या यंत्रांत पट्टे याहून जास्त असतात, पण गोष्ट समजायला तीन पुरेत.

आता कुठल्या दिशेला कोणता संकेत द्यायचा? सरळ माणूस दिशांना क्रमांक देईल. उत्तर शून्य, ईशान्य एक, पूर्व दोन, असं फिरत फिरत वायव्य सात. हे आकडे द्विमान पद्धतीत लिहिले की झालं: उत्तर ०००, ईशान्य ००१, पूर्व ०१०, आग्नेय ०११, दक्षिण १००, नैर्ऋत्य १०१, पश्चिम ११०, वायव्य १११.

कागदावर यात काही खोट नाही. घोळ होतो तो आग्नेय आणि दक्षिण यांच्या सीमेवर. तिथे ०११ चं १०० व्हायचं असतं, म्हणजे तिन्ही अंक एकाच क्षणी बदलायला हवेत. पण सेन्सर कितीही काळजीने बसवले तरी केसभर मागेपुढे असतातच. समजा शेवटचे दोन अंक बदलले आणि पहिला अजून बदलायचा आहे. त्या क्षणी यंत्र वाचतं ०००, म्हणजे उत्तर. पहिला अंक आधी बदलला आणि बाकीचे मागे राहिले, तर वाचतं १११, म्हणजे वायव्य. वारा दक्षिणेचा आणि नोंद उत्तरेची! शिवाय कोंबडा काही सीमा ओलांडून चटकन पुढे जात नाही. वाऱ्यात तो थरथरतो, सीमेवर रेंगाळतो, पुन्हापुन्हा अलीकडे-पलीकडे होतो. त्यामुळे ही चूक अपवादाने घडणारी नाही. वारा त्या सीमेवर असेपर्यंत ती घडत राहते.

सेन्सर अधिक अचूक बसवून हा रोग जात नाही, फक्त कमी होतो. तो जातो संकेतांचा क्रम बदलून. हा क्रम पाहा: उत्तर ०००, ईशान्य ००१, पूर्व ०११, आग्नेय ०१०, दक्षिण ११०, नैर्ऋत्य १११, पश्चिम १०१, वायव्य १००. कुठल्याही दोन शेजारच्या दिशा घ्या, त्यांच्या संकेतांत एकच अंक वेगळा आहे. शेवटच्या वायव्येकडून पुन्हा उत्तरेला येतानाही एकच अंक बदलतो. आता सीमेवर संशय राहिलाच तर तो एका अंकापुरता. तो अंक कसाही वाचला गेला तरी उत्तर येणार ते सीमेच्या अलीकडच्या किंवा पलीकडच्या दिशेचं, आणि सीमेवर ती दोन्ही उत्तरं बरोबरच असतात.

असा क्रम आठ संकेतांना सापडला तो योगायोगाने, की सोळा, बत्तीस, पाचशे बारा संकेतांनाही तो हमखास सापडतो? हे कळायला चकती बाजूला ठेवून एक घन हातात घ्यावा लागतो.

घनाला आठ कोपरे असतात. प्रत्येक कोपऱ्याला तीन अंकांचं नाव देता येतं: पहिला अंक कोपरा डावीकडे की उजवीकडे ते सांगतो, दुसरा पुढे की मागे, तिसरा खाली की वर. एका कडेवरून चालत गेलं की या तीनपैकी एकच गोष्ट बदलते. म्हणून दोन कोपऱ्यांमध्ये कड असते ती त्यांच्या नावांत नेमका एक अंक वेगळा असेल तेव्हाच. आपल्या वातकुक्कुटाचा प्रश्न आता असा झाला: घनाच्या कडांवरून चालत प्रत्येक कोपऱ्याला एकदाच भेट देऊन निघालो तिथे परत येता येईल का?

अशा फेरीला गणितात हॅमिल्टन चक्र म्हणतात. विल्यम रोवन हॅमिल्टन या आयरिश गणितज्ञाने १८५७ मध्ये बारा पंचकोनी बाजूंच्या ठोकळ्यावर असाच एक खेळ रचला होता. त्याच्या वीस कोपऱ्यांना शहरांची नावं होती आणि सगळी शहरं एकेकदा पाहून घरी परतायचं होतं. खेळाचे हक्क त्याने एका खेळणीवाल्याला २५ पौंडांना विकले, आणि व्यवहार म्हणून तो खेळणीवाल्याला काही मानवला नाही. प्रश्न मात्र टिकला. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांचं जाळं म्हणजे आलेख. कुठलंही जाळं समोर ठेवलं तर त्यात अशी फेरी आहे की नाही, हे झटपट ठरवण्याची सर्वसाधारण रीत आजवर कोणाला सापडलेली नाही. हे जाळं मात्र तसं आडमुठं नाही.

तीनऐवजी चार अंक घेतले तर सोळा नावं होतात. जाळं कसं बनवायचं? दोन घन घ्या. एकाच्या सगळ्या नावांपुढे ० लावा, दुसऱ्याच्या पुढे १, आणि दोन्ही घनांचे सारख्या जागचे कोपरे एकमेकांना जोडा. झाला चार मितींचा घन, म्हणजेच हायपरक्यूब. चौथी मिती डोळ्यांपुढे आणण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. दोन घन आणि आठ जोडरेषा एवढंच चित्र पुरतं. यात सोळा कोपरे आणि बत्तीस कडा आहेत. आणखी एक मिती हवी असेल तर याच्याच दोन प्रती घेऊन तेच करायचं. दर पायरीला कोपरे दुप्पट होतात आणि प्रत्येक कोपऱ्यातून निघणारी कड एकेक वाढते.

फेरी शोधण्याआधी कोपरे रंगवून घेऊ. नावात १ हा अंक किती वेळा आला ते मोजायचं. सम वेळा आला तर कोपरा पांढरा, विषम वेळा आला तर काळा. ००० पांढरा, ०११ पांढरा. ००१ काळा, १११ काळा. कडेवरून एक पाऊल टाकलं की एक अंक बदलतो, म्हणजे १ ची संख्या एकने वाढते किंवा घटते, म्हणजे रंग पालटतो. म्हणून पांढऱ्याला पांढरा किंवा काळ्याला काळा कधीच जोडलेला नसतो. प्रत्येक कड एका रंगाकडून दुसऱ्याकडे जाते. ज्या जाळ्याचे असे दोन गट पाडता येतात त्याला द्विभाजित किंवा बायपार्टाइट आलेख म्हणतात. हायपरक्यूबमध्ये दोन्ही गट बरोबर निम्मे असतात, कारण प्रत्येक कोपऱ्याची जोडी फक्त पहिला अंक बदललेल्या कोपऱ्याशी लावता येते आणि त्या जोडीत एक काळा, एक पांढरा असतो.

ही रंगवारी साधी दिसते, पण कित्येक प्रश्न ती उभ्या उभ्या निकालात काढते. घरातल्या चार बटणांच्या बोर्डासमोर उभे राहा. सगळी बटणं बंद आहेत. एका वेळी एकच बटण दाबत, बटणांच्या सोळाही स्थिती एकेकदाच घेत, शेवटी सगळी बटणं चालू करायची आहेत. जमेल का? सोळा स्थितींतून जायला पंधरा पावलं लागतात. पंधरा विषम, म्हणून शेवटचा रंग सुरुवातीच्या विरुद्ध हवा. पण सगळी बंद म्हणजे ०००० पांढरा आणि सगळी चालू म्हणजे ११११, तोही पांढराच. तेव्हा जमणार नाही, कितीही डोकं लढवलं तरी. तीन बटणांच्या बोर्डावर मात्र हेच जमतं: ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १००, १०१, १११. पावलं सात आणि दोन टोकं विरुद्ध रंगांची. पाच बटणांवर पुन्हा जमतं, सहांवर पुन्हा नाही.

रंग फक्त नाही म्हणू शकतो, हे लक्षात ठेवायला हवं. दोन्ही रंग सारखे आहेत एवढ्याने फेरी सापडली असं होत नाही; ती प्रत्यक्ष चालून दाखवावी लागते. त्यासाठी जी युक्ती आहे ती मला स्वतःला सगळ्या गणितातल्या सर्वांत कमी कष्टाच्या युक्त्यांपैकी एक वाटते.

एका अंकापासून सुरू करा: ०, १. ही यादी एकदा सरळ लिहा आणि तिच्याखाली तीच उलटी लिहा, जणू मध्ये आरसा धरला आहे: ०, १, १, ०. वरच्या अर्ध्या भागाला पुढे ० लावा आणि खालच्याला १. मिळतं ००, ०१, ११, १०. हेच पुन्हा करा. सरळ: ००, ०१, ११, १०. उलटी: १०, ११, ०१, ००. पहिल्या अर्ध्याला ०, दुसऱ्याला १. मिळाले ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००. वर आठ दिशांना दिला तो हाच क्रम.

हे का चालतं ते पाहायला फक्त सांधे तपासायचे. अर्ध्या भागाच्या आत आधीचीच यादी आहे, तिथे एकेक अंकच बदलतो. मधल्या सांध्यावर आरसा असल्यामुळे जो संकेत आरशाच्या वर आहे तोच खाली आहे, फरक नव्याने लावलेल्या पहिल्या अंकाचा. आणि यादीचं शेवटचं टोक म्हणजे पहिल्या टोकाचं प्रतिबिंब, म्हणून शेवटून सुरुवातीला येतानाही तोच एक अंक बदलतो. घनाच्या भाषेत सांगायचं तर, एका प्रतीतले सगळे कोपरे फिरून घ्या, जोडरेषेवरून दुसऱ्या प्रतीत उतरा, तिथे आल्या वाटेने उलटं चाला, आणि शेवटी दुसऱ्या जोडरेषेवरून घरी या. त्याने दोन मितींपासून पुढच्या प्रत्येक हायपरक्यूबची फेरी झाली. मात्र आरसा विसरून दुसरा अर्धा सरळच लिहिला तर? तीन अंकांच्या यादीत ०१० नंतर १०० येईल, दोन अंक एकदम बदलतील आणि वातकुक्कुट पुन्हा भलतं सांगू लागेल.

याला ग्रे संकेत म्हणतात, फ्रँक ग्रे या माणसाच्या नावावरून. तो अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत होता आणि त्याची अडचण वातकुक्कुटाचीच होती, फक्त चकतीच्या जागी भोकांची पट्टी होती. आवाजाची तीव्रता आकड्यांत बदलण्यासाठी तिथे इलेक्ट्रॉनांचा झोत एका भोकं पाडलेल्या पट्टीवर सोडत. झोत ज्या ओळीवर पडेल त्या ओळीतली भोकं म्हणजे तो आकडा. झोत दोन ओळींच्या मध्ये पडला की थोडी भोकं वरच्या ओळीची, थोडी खालच्या ओळीची मोजली जात आणि भलताच आकडा येई. ग्रेने भोकांची मांडणीच आरशाच्या युक्तीने बदलली. नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला आणि ते मार्च १९५३ मध्ये मिळालं. पेटंटात त्याने या रचनेला स्वतःचं नाव दिलेलं नाही. तो तिला प्रतिबिंबित द्विमान संकेत म्हणतो. तसं पाहिलं तर हाच क्रम १८७२ मध्ये लुई ग्रो या फ्रेंच माणसाने चिनी कड्यांच्या कोड्यावरच्या पुस्तिकेत वापरला होता, कारण त्या कोड्यातली कडी काढताना नेमकी याच क्रमाने हलवावी लागतात. नाव मात्र ग्रेचं राहिलं.

लांबलचक यादी प्रत्येक वेळी आरसा धरून लिहीत बसायची गरज नाही. कुठल्याही क्रमांकाचा ग्रे संकेत थेट काढता येतो. क्रमांक द्विमानात लिहा. पहिला अंक तसाच ठेवा. पुढच्या प्रत्येक अंकाची त्याच्या डावीकडच्या शेजाऱ्याशी तुलना करा. सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १. पश्चिमेचा क्रमांक सहा, म्हणजे ११०. पहिला १ तसाच. दुसरा त्याच्या शेजाऱ्यासारखा, म्हणून ०. तिसरा वेगळा, म्हणून १. उत्तर १०१, आणि वरच्या यादीत पश्चिमेपुढे तेच आहे. संगणकाच्या भाषेत हे सगळं एका ओळीचं काम:

```
def gray(i):
    return i ^ (i >> 1)
```

यात एकच अंक का बदलतो? तीनवरून चारवर जाताना ०११ चं १०० होतं. द्विमानात एक मिळवला की शेवटचे काही अंक सलग पालटतात आणि त्यांच्या डावीकडचे तसेच राहतात. पालटलेल्या अंकांत दोन शेजारी जर दोघेही पालटले, तर ते आधी सारखे असतील तर आताही सारखे आणि वेगळे असतील तर आताही वेगळे. तुलनेचं उत्तर तेच राहतं. बदलतं ते फक्त पालटलेल्या अंकांतल्या सर्वांत डावीकडच्याचं, कारण त्याचा शेजारी जागचा हललेला नसतो. आणि डावीकडे शेजारीच नसेल तर तो अंक स्वतःच पालटतो. साध्या द्विमान मोजणीत अंकांची एवढी उलथापालथ होते, पण शेजाऱ्यांमधली तुलना दर वेळी एकाच ठिकाणी बदलते.

आता चकतीकडे परत येऊ, कारण गिऱ्हाईक आठ जागा मागत नाही. कोनमापनात ३६० जागा हव्या असतात, दर अंशाला एक. नऊ पट्टे घेतले तर संकेत मिळतात ५१२, त्यातले १५२ जास्तीचे. सुरुवातीचे ३६० घेऊन बाकीचे सोडून दिले तर शेवटून पहिल्याकडे येताना अनेक अंक एकदम बदलतील आणि ३५९ अंशांवरून शून्यावर येताना जुना रोग परत येईल. इथे आरसा पुन्हा कामाला येतो. यादी मधोमध दुमडलेली असल्यामुळे वरून जितव्या जागी एक संकेत आहे, खालून तितव्याच जागी त्याचं प्रतिबिंब आहे आणि त्या दोघांत फक्त पहिला अंक वेगळा. तेव्हा दोन्ही टोकांकडून सारखेच संकेत छाटले तर नवी टोकंही एकमेकांची प्रतिबिंबंच राहतात. आठच्या यादीतला पहिला आणि शेवटचा काढून पाहा: ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१. शेवटच्या १०१ वरून पहिल्या ००१ वर येताना एकच अंक बदलला, आणि सहा जागांची चकती तयार झाली. ५१२ मधून दोन्हीकडचे ७६-७६ छाटले की ३६० उरतात. पहिला संकेत येतो ००११०१०१० आणि शेवटचा १०११०१०१०. अशा ३६० जागांच्या चकत्या खरोखर बनतात आणि क्रमांक ७६ पासून सुरू होत असल्याने यंत्राला वाचलेल्या आकड्यातून ७६ वजा करायला सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं तर सगळी मोजमापं नेमकी ७६ अंशांनी चुकलेली दिसतात, आणि ही चूक ओळखायची खूण तीच.

छाटणी दोन्हीकडून सारखी करायची म्हणजे उरलेली संख्या सम असणार. मग विषम जागा कोणी मागितल्या तर? समजा एखाद्या फिरत्या टेबलाला ४५ थांबे हवेत. पट्टे सात घ्या, दहा घ्या, आरसा सोडून दुसरी कुठली हुशारीची मांडणी शोधा. प्रत्येक थांब्याला वेगळा संकेत आणि दर पावलाला एकच बदल ही अट असेल तर ती चकती होऊच शकत नाही. पंचेचाळीस पावलांनी रंग पंचेचाळीस वेळा पालटतो आणि घरी परतल्यावर पांढऱ्याचा काळा झालेला असतो. यावर कारागिराचा तोडगा साधा आहे: ९० जागांची चकती घ्यायची आणि दोन-दोन जागांना एक थांबा समजायचं.

ग्रे संकेताबद्दल एक गैरसमज असा, की तो चुका पकडतो. तो सीमेवरची चूक होऊ देत नाही, हे खरं. पण बिघाड पकडत नाही. आपल्या वातकुक्कुटाच्या मधल्या पट्ट्यावरच्या सेन्सरवर धूळ बसली आणि तो कायम ० वाचू लागला असं समजा. कोंबडा एक पूर्ण गिरकी घेईल तेव्हा नोंदी येतील: उत्तर, ईशान्य, ईशान्य, उत्तर, वायव्य, पश्चिम, पश्चिम, वायव्य. एकही नोंद शेजारच्या दिशेपलीकडे उडी मारत नाही. नोंदवही बघणाऱ्याला सगळं सुरळीत वाटतं. फक्त पूर्व, आग्नेय, दक्षिण आणि नैर्ऋत्य या चार दिशांचा वारा त्या गावात कधी वाहतच नाही. शेवटच्या पट्ट्याचा सेन्सर बसला तर निदान उत्तरेवरून थेट आग्नेयेला उडी दिसते आणि शंका येते. आठही संकेत आठ दिशांना वाटून टाकलेले असल्याने चुकीचा म्हणून ओळखता येईल असा संकेतच शिल्लक नसतो. म्हणून अशा यंत्राच्या नोंदी तपासणाऱ्याने उड्यांबरोबर न दिसणाऱ्या दिशाही शोधायच्या असतात.

याच फेरीचा दुसरा मोठा उपयोग झाला तो संगणकांत. १९८० च्या दशकात अनेक छोटे संगणक जोडून एक मोठा बनवण्याचे प्रयोग सुरू झाले, आणि कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत चार्ल्स साइट्झ आणि जेफ्री फॉक्स यांच्या गटाने ६४ संगणकांचं 'कॉस्मिक क्यूब' हे यंत्र उभं केलं. जोडणी होती सहा मितींच्या घनाची. प्रत्येक संगणकाला सहा अंकांचं नाव आणि एक अंक वेगळा असलेल्या सहा संगणकांकडे थेट तार. कुठलाही निरोप जास्तीत जास्त सहा उड्यांत कुठेही पोचतो, कारण वेगळे असलेले अंक एकेक करून बदलत गेलं की झालं. पण कित्येक हिशेबांना घन नको असतो, साखळी हवी असते: प्रत्येकाने आपलं उत्तर पुढच्याला द्यायचं आणि शेवटच्याने पहिल्याला. ६४ संगणकांना ग्रे क्रमाने ओळीत लावलं की ही साखळी त्याच तारांवर बसते, आणि पुढच्याकडे जाणारा निरोप एकदाही तिसऱ्याच्या दारातून जात नाही.

एखादा संगणक बिघडला तर ६३ जणांची साखळी करता येईल का? हे रंगाला विचारायचं. बिघडलेला काळा असेल तर ३२ पांढरे आणि ३१ काळे उरतात. फेरीत काळा-पांढरा आळीपाळीने येत असल्याने ६३ जणांची साखळी अशक्य. ६२ जणांची मात्र हमखास होते, आणि ती करायची रीत आरशाच्या यादीतच लिहिलेली आहे. ०००, ००१, ०११, ०१० हे पहिले चार संकेत पाहा. पहिल्या आणि चौथ्यातही एकच अंक वेगळा आहे, म्हणून मधले दोन वगळून ००० वरून थेट ०१० वर जाता येतं. सहा अंकांच्या यादीतही सुरुवात अशीच आहे. हायपरक्यूबचे सगळे कोपरे एकसारखे असल्याने बिघडलेला संगणक नावं बदलून नेहमी या मधल्या दोघांत आणता येतो. त्याच्यासोबत त्याचा एक धडधाकट शेजारीही रिकामा बसतो, आणि तो बिघडलेल्याच्या विरुद्ध रंगाचाच असावा लागतो.